मॉनिटर मोठा घेतला तरी मराठी अक्षरं फुटतात: दोष कुठे शोधायचा आणि फुल एचडी कुठवर पुरतं

क्लासेसच्या टेस्ट सिरीज सुरू झाल्या की लातुरातले डीटीपीवाले रात्र रात्र प्रश्नपत्रिका लावत बसतात, आणि त्याच दिवसांत माझ्याकडे ठरलेली तक्रार यायला लागते. "भाऊ, नवा सत्तावीस इंची मॉनिटर घेतला, पण अक्षरं फुटायलीत. जुन्या बावीस इंचीवर याच्यापेक्षा बरं दिसत होतं." दुकानदाराला विचारलं तर उत्तर तयार असतं की फोर-के घ्या. काही जण घेतातही, आणि मग माऊस अडखळतोय किंवा पेजमेकर धुरकट दिसतोय अशी दुसरी तक्रार घेऊन परत येतात.

मी लातुरातच संगणक जोडणी आणि दुरुस्तीचं काम करतो. या तक्रारीत खरोखर पॅनल बदलावं लागतं असे प्रसंग कमी असतात. बहुतेक वेळा दोष केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये सापडतो. पण जिथे पॅनलच अपुरं असतं तिथे दुसरा कुठलाही उपाय चालत नाही, म्हणून आधी हे वेगळं करता आलं पाहिजे.

आधी नीट बघा: पुसट आहे की दातेरी?

"फुटतंय" या एका शब्दात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. ओळखण्यासाठी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा आणि मग तुमच्या प्रोग्राममधलं मराठी अक्षर बघा.

घड्याळ, आयकॉनची नावं, प्रोग्राममधली अक्षरं, सगळंच पुसट असेल तर संगणकाकडून मॉनिटरपर्यंत जाणाऱ्या सिग्नलमध्ये गडबड आहे. घड्याळ स्वच्छ आणि एकच प्रोग्राम धुरकट असेल तर गडबड विंडोजच्या स्केलिंगमध्ये, म्हणजे सगळं मोठं करून दाखवण्याच्या सेटिंगमध्ये आहे. आणि सगळं स्वच्छ आहे, कडा ठसठशीत आहेत, पण "ध"च्या वळणाला पायऱ्या दिसतात, अनुस्वार चौकोनी दिसतो, असं असेल तर पिक्सेलच कमी पडतायत. पॅनल बदलायचा विचार फक्त या तिसऱ्या प्रकारात करायचा.

शंका वाटली तर स्क्रीनशॉट घ्या आणि पीएनजी फाईल दुसऱ्या, चांगल्या दिसणाऱ्या संगणकावर उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून टाकतं आणि चाचणी वाया जाते. स्क्रीनशॉट तिकडे स्वच्छ दिसला तर तुमच्या संगणकाने चित्र बरोबर काढलं होतं आणि ते बिघडलं पुढे, केबल किंवा मॉनिटरमध्ये. स्क्रीनशॉटच धुरकट असेल तर मॉनिटरला दोष देऊ नका.

सगळा पडदा पुसट असेल तर

Settings, मग System, मग Display उघडा आणि Display resolution बघा. समोर Recommended लिहिलेला आकडाच निवडलेला हवा. एलसीडी पॅनलवर पिक्सेलची जाळी कारखान्यातच कायमची बसवलेली असते. २५६० × १४४० पिक्सेलच्या पॅनलला तुम्ही १९२० × १०८० चं चित्र दिलंत की दर तीन पिक्सेल चार पिक्सेलवर पसरावे लागतात. एका पिक्सेलची शिरोरेषा मग नेमकी कुठेच बसत नाही. एका ओळीची शिरोरेषा गडद दिसते, खालच्या ओळीची करडी आणि जाड दिसते. हे लक्षण दिसलं की मी दुसरं काही तपासायच्या आधी रिझोल्युशन बघतो.

लोक असं का करतात तेही समजण्यासारखं आहे. जास्त रिझोल्युशनचा मॉनिटर लावला की अक्षरं बारीक होतात, मग कुणीतरी रिझोल्युशन कमी करून देतो आणि अक्षरं मोठी होतात. पण त्यात ज्यासाठी पैसे मोजले ते पिक्सेलच वाया जातात. अक्षरं मोठी हवी असतील तर रिझोल्युशन आहे तिथेच ठेवा आणि त्याच पानावरचं Scale वाढवा.

तिथेच Advanced display मध्ये दोन आकडे मिळतात, Desktop mode आणि Active signal mode. दोन्ही सारखे हवेत. वेगळे असतील तर ग्राफिक्स ड्रायव्हर मध्येच चित्र ताणतोय. अशा वेळी आधी ड्रायव्हर नवा घाला आणि मग केबल बदलून बघा.

रिझोल्युशन बरोबर असूनही पुसट दिसत असेल तर मॉनिटरच्या मागे हात घाला. आपल्याकडे अजूनही कितीतरी मॉनिटर निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवर चालतात. व्हीजीएत संगणक चित्राचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करतो आणि मॉनिटर ते पुन्हा पिक्सेलमध्ये मोजतो. हे मोजमाप ओळीच्या दिशेने, डावीकडून उजवीकडे होतं. ते थोडं जरी चुकलं तरी उभ्या रेघा शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतात, आडव्या रेघांना मात्र फारसं काही होत नाही. त्यामुळे देवनागरीत ही खूण फार छान पकडता येते: शिरोरेषा ठसठशीत आणि काना पुसट असेल, कान्याच्या उजवीकडे हलकी सावली असेल, तर दोष व्हीजीएचा धरायला हरकत नाही.

तात्पुरता उपाय म्हणजे मॉनिटरच्या मेनूतलं Auto Adjust. ते चालवताना पडद्यावर भरपूर मजकूर असलेलं पान उघडं ठेवा, म्हणजे मोजायला कडा मिळतात. कायमचा उपाय डिजिटल केबल. बाजारात कंपन्यांतून निघालेले जे वापरलेले छोटे डेस्कटॉप मिळतात, त्यांच्या मागे बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्ट असतो आणि तो कुणी वापरलेलाच नसतो. एक कोपरा तिरका कापलेला असा त्याचा आकार, एचडीएमआयसारखाच पण वेगळा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर सरळ केबल लावा. नसेल तर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयला जाणारी केबल मिळते, फुल एचडीला ती पुरते.

मॉनिटर म्हणून टीव्ही वापरणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. टीव्ही चित्र किंचित मोठं करून कडा कापतो, टास्कबार अर्धा गायब दिसला की हेच समजा. टीव्हीच्या चित्र सेटिंगमध्ये Screen Fit, Just Scan अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा आणि त्या एचडीएमआय इनपुटचा प्रकार PC असा ठेवा. इनपुटचा प्रकार बदलण्याला जास्त महत्त्व आहे, कारण एरवी बरेच टीव्ही रंगाची माहिती अर्ध्या बारकाईने घेतात. काळं अक्षर ठीक दिसतं, पण निळ्या पट्टीवरचं लाल अक्षर चिकट होऊन बसतं.

एकच प्रोग्राम धुरकट असेल तर

इथे मराठवाड्यातल्या, किंबहुना सगळ्याच मराठी डीटीपीची एक खास अडचण आहे. आपल्याकडे आजही खूप काम पेजमेकर ७ वर आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टवर चालतं. तो प्रोग्राम २००१ चा. त्या काळात पडदा म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल हे विंडोजने धरलेलं गणित, आणि प्रोग्राम बनवणाऱ्यांनीही तेच धरलं होतं.

तुम्ही Scale १५० टक्के केलंत की नवे प्रोग्राम अक्षर दीडपट पिक्सेल वापरून नव्याने काढतात. पेजमेकरला ते जमत नाही. तो जुन्याच मापाचं चित्र काढतो आणि विंडोज त्या तयार चित्राला ताणून दीडपट करतं, म्हणून तो धुरकट दिसतो. फोर-के मॉनिटरवर १५० टक्के स्केल ठेवलं तर पेजमेकरच्या दृष्टीने पडदा २५६० × १४४० चाच राहतो. उरलेल्या पिक्सेलचा त्याला काही उपयोग होत नाही, उलट ताणण्याचा धुरकटपणा पदरी पडतो.

यावर एक मार्ग आहे. प्रोग्रामच्या exe फाईलवर उजवं क्लिक करून Properties, मग Compatibility, मग Change high DPI settings उघडा. खाली Override high DPI scaling behavior वर टिक करा आणि Application निवडा. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की अक्षरं धारदार होतात. पण आता विंडोज ताणत नाही, त्यामुळे टूलबॉक्स, मेनू, कंट्रोल पॅलेट सगळं इवलंसं होतं. फोर-केवर तर बटणावर माऊस नेमका नेणंही जड जातं. System (Enhanced) हा तिसरा पर्याय काही जुन्या प्रोग्रामांत बरा चालतो, काहींत विंडो वेड्यावाकड्या काढतो, त्यामुळे तो करूनच बघावा लागतो.

म्हणून माझं मत असं की रोजचं काम पेजमेकरवर असेल तर स्केल १०० टक्क्यांवरच चालेल असं पॅनल घ्यावं. स्केल वाढवायची वेळच आली नाही तर ताणण्याचा प्रश्नच उरत नाही. कुठलं पॅनल ते पुढे येईल.

अक्षरांना लाल-निळी किनार दिसत असेल किंवा ती फार किडमिडी वाटत असतील तर विंडोजची अक्षरं सुबक करणारी सोय, क्लिअरटाइप, एकदा लावून घ्या. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून ही आज्ञा द्या:

```
cttune
```

आधी रिझोल्युशन दुरुस्त करा आणि मगच हे चालवा, कारण ते पॅनलच्या मूळ पिक्सेलवर आधारलेलं असतं.

सगळं बरोबर आहे, तरी दातेरी दिसतंय

आता खरा पिक्सेलचा हिशोब. औसा रोडवरचे एक काका क्लासेसच्या बायोलॉजी-केमिस्ट्रीच्या प्रश्नपत्रिका लावतात. ए-फोर पान, दोन रकाने, मराठी दहा पॉइंटमध्ये, शेजारी इंग्रजी, आणि मध्ये रासायनिक सूत्रं. त्यांचा संगणक चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, वापरलेला घेतलेला, त्यावर नवा २७ इंची फुल एचडी मॉनिटर व्हीजीएने जोडलेला. आधी व्हीजीए काढून डिजिटल केबल लावली, कान्याची सावली गेली. काका म्हणाले, "आता झकास दिसायलंय की." पण अख्खं पान पडद्यावर बसवून प्रूफ वाचायला घेतलं आणि पुन्हा अडलं. "ध" आहे की "घ" ते कळेना, सूत्रातला खालचा २ आहे की ३ तेही कळेना. दर वेळी झूम करायचं, वाचायचं, परत मागे यायचं. शंभर प्रश्नांच्या पेपरात हे किती वेळा करणार?

ए-फोर पानाची उंची ८४२ पॉइंट. फुल एचडी पडद्याची उंची १०८० पिक्सेल, त्यातून टास्कबार, मेनू, टूलबारची जागा गेली की पानासाठी साधारण ८५० ते ९०० पिक्सेल उरतात. म्हणजे अख्खं पान दिसत असताना एका पॉइंटला जेमतेम एक पिक्सेल मिळतो. दहा पॉइंटच्या अक्षराला दहा पिक्सेल. त्या दहातच वरची वेलांटी, रफार, शिरोरेषा, मधलं अक्षर आणि खालचा उकार हे सगळं बसवायचं. मधल्या अक्षराच्या वाट्याला सहा-सात पिक्सेल येतात, त्यात "ध"ची वरची गाठ एक-दोन पिक्सेलची. ती गाठ दिसली नाही की "ध"चा "घ" झाला. सहा पॉइंटच्या अंकाला तर सहाच पिक्सेल, त्यात २ आणि ३ वेगळे दिसायला जागाच नसते. इंग्रजी अक्षर एवढ्या जागेत निभावून नेतं, कारण त्याला वर-खाली मात्रा नसतात. म्हणून याच पडद्यावर इंग्रजी चांगलं दिसतं आणि मराठी फुटतं.

या हिशोबात इंच कुठेच आले नाहीत, हे लक्षात घ्या. पानाला किती पिक्सेल मिळाले ते फक्त रिझोल्युशनवर ठरतं. २२ इंची फुल एचडी असो की २७ इंची, दहा पॉइंटला दहाच पिक्सेल. मोठ्या मॉनिटरवर तेच दहा पिक्सेल मोठे होतात आणि डोळ्यांना सुटे सुटे दिसायला लागतात. "जुन्या बावीस इंचीवर बरं दिसत होतं" हे गिऱ्हाईक खरंच सांगत असतं. तिथे पायऱ्या तितक्याच होत्या, फक्त बारीक असल्यामुळे डोळ्यात भरत नव्हत्या.

इंच येतात ते घनतेत. एका इंचात किती पिक्सेल बसलेत त्याला पीपीआय म्हणतात. काढायची सोपी रीत अशी: फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० च्या पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकस अंतर २२०३ पिक्सेल, क्वाड एचडी म्हणजे २५६० × १४४० चं २९३७, आणि फोर-के म्हणजे ३८४० × २१६० चं ४४०६. याला मॉनिटरच्या इंचांनी भागा, झाला पीपीआय. २७ इंची फुल एचडी येतो ८२ वर, २३.८ इंची फुल एचडी ९३ वर, २७ इंची क्वाड एचडी १०९ वर, आणि २७ इंची फोर-के १६३ वर.

आता हा आकडा डोळ्यांशी जोडायचा. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा ओळखतो. त्यावरून ३४३८ ला पीपीआयने भागलं की इंचात अंतर मिळतं. त्यापेक्षा लांब बसलात तर सुटे पिक्सेल दिसत नाहीत, जवळ बसलात तर दिसू लागतात. २७ इंची फुल एचडीला हे अंतर ४२ इंच, साडेतीन फूट. काका बसतात दोन-सव्वादोन फुटांवर, मग पायऱ्या दिसणारच. २३.८ इंचीला ३७ इंच, २७ इंची क्वाड एचडीला साडेएकतीस, फोर-केला एकवीस. चाळिशीनंतर जवळचा चष्मा बरोबर नसेल तर हे अंतर आणखी कमी होतं. त्यामुळे महागडा मॉनिटर घ्यायच्या आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा असं मी सांगतो, आणि ते मनापासून सांगतो.

मग काकांनी काय घेतलं

२७ इंची क्वाड एचडी. त्यावर अख्ख्या पानाला बाराशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, म्हणजे दहा पॉइंटच्या अक्षराला चौदा-साडेचौदा. "ध"ची गाठ उघडते, सूत्रातला अंक वाचता येतो. स्केल १०० टक्केच, त्यामुळे पेजमेकर ताणला जात नाही. एक किंमत मात्र मोजावी लागते. त्याच आकाराच्या फुल एचडीपेक्षा मेनू आणि बटणं पाऊणपट होतात. काकांचा मॉनिटर जरा पुढे, दोन फुटांवर ओढून घेतला आणि ते सवयीचं झालं. तेवढ्या जवळून कडक नजरेने बघितलं तर पायरी पुसटशी दिसते, पण प्रूफ वाचायला अडत नाही.

फोर-के का नाही? पेजमेकरचं कारण वर आलंच आहे. दुसरं कारण पोर्टचं. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर एचडीएमआयमधून फोर-के मिळतं ते सेकंदाला जास्तीत जास्त तीसच चित्रांचं. माऊस ओढताना तो मागे रेंगाळतो, पान सरकवताना धक्के बसतात, आणि माणूस समजतो की संगणक मंद झाला. Advanced display मध्ये Refresh rate ३० दिसला की कारण तेच. त्याच संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मात्र फोर-के साठने चालतं. त्याआधीच्या, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या संगणकांत तर एचडीएमआयची मजल १९२० × १२०० पर्यंतच जाते, तिथे क्वाड एचडीसुद्धा डिस्प्लेपोर्टनेच लावावं लागतं. म्हणून पॅनल घ्यायच्या आधी संगणकाची मागची बाजू बघून या, त्याचा फोटो काढून आणला तर आणखी चांगलं.

फोर-के जिथे शोभतो ती कामं वेगळी. लग्नाचे अल्बम लावणारे, नव्या इनडिझाइन किंवा कोरलड्रॉवर युनिकोडमध्ये काम करणारे, आणि ज्यांच्या संगणकाला साठने फोर-के देणारा पोर्ट आहे, त्यांनी २७ इंची फोर-के १५० टक्के स्केलवर जरूर घ्यावा. अख्ख्या पानात दहा पॉइंटच्या अक्षराला वीस-बावीस पिक्सेल मिळतात, ते जवळजवळ छापलेल्यासारखं दिसतं.

यात एक नुकसान मी वारंवार पाहतो. पडद्यावर अक्षर फुटलेलं किंवा किडमिडं दिसलं म्हणून काही जण फॉन्टच बदलतात किंवा सगळं ठळक करून टाकतात. फॉन्टची अक्षरं रेषांच्या गणिताने साठवलेली असतात आणि लेझर प्रिंटर ती इंचाला ६०० ठिपक्यांनी काढतो. ८२ पीपीआयच्या पडद्यावर जे फुटलेलं दिसतं ते कागदावर स्वच्छ येतं, आणि विनाकारण ठळक केलेला मजकूर झेरॉक्समध्ये भरून काळा होतो. ठरवायचं ते एक पान छापून ठरवा. पान पडद्यावर कागदाएवढंच दिसतंय का हे बघायचं असेल तर कोरा ए-फोर कागद पडद्याला लावा आणि कडा जुळेपर्यंत झूम करा. २७ इंची फुल एचडीवर, स्केल १०० असताना, ते ८५ टक्क्यांच्या आसपास जुळतं. झूमचे १०० टक्के म्हणजे खरं माप नव्हे, कारण प्रोग्राम अजूनही इंचाला ९६ पिक्सेलच धरून चालतो.

फुल एचडी कुठे पुरतं

ऑनलाइन फॉर्म भरणारी केंद्रं, सातबारा काढून देणारे, अडतीतली बिलं, टॅली, शाळेचं कार्यालय: इथे २२ ते २४ इंची फुल एचडी घ्या आणि निश्चिंत राहा. ९२ ते १०० पीपीआय हे विंडोजच्या ९६ च्या गणिताशी जुळतं, स्केलला हात लावावा लागत नाही आणि जुने प्रोग्रामही नीट दिसतात. या कामात अख्खं पान बारीक करून कुणी वाचत नाही, त्यामुळे वरची अडचण येतच नाही. वाचलेले पैसे आयपीएस पॅनलवर खर्च करा, कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचं नाव आणि गट नंबर तिरक्या कोनातून वाचून खात्री करायची असते. स्वस्त टीएन पॅनलवर त्याला ते फिकं दिसतं.

लॅपटॉपचं म्हणाल तर १५.६ इंची फुल एचडी १४१ पीपीआयचा असतो, दोन फुटांवर बसणाऱ्याला तो पुरेपूर आहे. त्यापुढच्या पॅनलने बॅटरी जास्त जाते, आणि दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात मला बॅटरी जास्त मोलाची वाटते. टाळायचा तो १३६६ × ७६८. तो अजूनही जुन्या लॅपटॉपमध्ये भेटतो, त्यावर शासकीय पोर्टलचे लांब फॉर्म मावत नाहीत आणि सबमिटचं बटण खाली दडून बसतं.

क्लासेसवाले हल्ली वर्गात लावायच्या ६५ इंची पॅनलबद्दल विचारतात. ६५ इंची फुल एचडी ३४ पीपीआयचा, त्याचे सुटे पिक्सेल साधारण साडेआठ फुटांच्या आत आलं तरच दिसतात. पहिला बाक एवढ्या जवळ असेल तर फोर-केला अर्थ आहे, किंवा सर स्वतः समोर उभं राहून त्यावर लिहिणार असतील तर. मागच्या बाकासाठी फोर-के काहीच करत नाही. सहा मीटरवरच्या मुलाला अक्षर कसंबसं ओळखायला पावणेनऊ मिलिमीटर उंची लागते, तासभर सहज वाचायला त्याच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे अंदाजे २५ मिलिमीटर. ६५ इंची पडद्यावर तेवढ्या उंचीत फुल एचडीचे ३३ पिक्सेल बसतात आणि ३३ पिक्सेलमध्ये जोडाक्षरंही स्वच्छ उमटतात. स्लाइडवर मजकूर कमी ठेवून अक्षर एवढं मोठं करा, आणि खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल तर आधी खिडकीचा पडदा ओढून घ्या.